उद्या सुट्टी आहे का? आधी विचारा, कुणाची

2025 च्या 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, बुधवार होता. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा परिषदेला त्या दिवशी कुलूप, बँकांची शटरं खाली, आणि तिथून हाकेच्या अंतरावरचं महालेखाकारांचं कार्यालय मात्र कामाच्या दिवसांत. मिहानमधल्या कंपन्यांत काही चालू, काही बंद. एकाच घरातला एक भाऊ झोपलेला, दुसरा डबा घेऊन निघालेला, आणि आई विचारते, "का गा, आज सुट्टी हाये ना?" तिला दोघांनी दोन उत्तरं दिली तरी दोन्ही बरोबरच असतात.

हा गोंधळ सुटतो तो एकाच प्रश्नाने: ही सुट्टी कुणी जाहीर केली आणि कुणासाठी? भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल आकडा छापणारा प्रकाशक सुट्टी जाहीर करत नाही. ती केंद्र सरकार करतं, राज्य सरकार करतं, जिल्हाधिकारी करतात किंवा तुमची कंपनी करते. सार्वजनिक, बँक, ऐच्छिक आणि आरएच म्हणजे निर्बंधित सुट्टी, ही चार नावं म्हणजे या जाहीर करणाऱ्यांच्या अधिकाराची चार टोकं आहेत.

सार्वजनिक सुट्टी: मूळ हुंडीच्या कायद्यात

राज्य शासनाची दरवर्षीची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना मुंबईहून सामान्य प्रशासन विभाग काढतो, साधारण आधीच्या वर्षाच्या अखेरीस. तिच्या पहिल्याच परिच्छेदात परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 चं कलम 25 दिसतं. बोलण्यात याला सगळे एनआय ॲक्ट म्हणतात. हा कायदा चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठीचा आहे. सणासुदीशी त्याचा काही संबंध नाही. मग सुट्टीची यादी त्याच्या नावाने का निघते?

कारण प्रश्न व्यापाऱ्यांचा होता. एखाद्या हुंडीची मुदत नेमकी बंद दिवशी संपली तर पैसे कधी द्यायचे? कलम 25 सांगतं की मुदतीचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर हुंडी त्याच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय झाली असं धरायचं. मग सार्वजनिक सुट्टी म्हणजे कोणते दिवस, हे सांगणं भागच होतं. रविवार, आणि केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करील ते दिवस, अशी व्याख्या झाली. केंद्राने पुढे हा अधिकार राज्यांनाही वापरू दिला. म्हणून महाराष्ट्राच्या यादीत शिवजयंती, गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन, पारशी नववर्ष असे दिवस येतात. शेजारी छिंदवाड्यात गेलात की मध्य प्रदेशची यादी वेगळी.

इथे एक बारीक गोष्ट आहे, इतवारीतल्या अडत्यांनी लक्षात ठेवावी अशी. हुंडी सुट्टीच्या *आधीच्या* दिवशी देय होते. सरकारी कार्यालयात अर्ज किंवा अपील दाखल करायची शेवटची तारीख बंद दिवशी आली तर मात्र उलट होतं. जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 10 प्रमाणे ते काम कार्यालय उघडेल त्या *पुढच्या* दिवशी केलं तरी वेळेत धरलं जातं. दोन्हीकडे एकच नियम समजून "उद्या सुट्टी, परवा बघू" म्हणणारा व्यापारी अर्जाच्या बाबतीत तरून जातो आणि हुंडीच्या बाबतीत अडकतो.

राज्याच्या यादीत आणखी दोन तळटिपांकडे बघावं. 1 एप्रिलची सुट्टी वार्षिक हिशेबासाठी फक्त बँकांना असते. त्या दिवशी तहसील चालू असते. याच्या उलट भाऊबीज. ती राज्य शासनाच्या कार्यालयांना अतिरिक्त सुट्टी म्हणून दिलेली असते, बँकांना लागू असलेल्या मुख्य यादीत नसते. म्हणजे एकाच अधिसूचनेत एक दिवस फक्त बँकांचा आणि एक दिवस फक्त कार्यालयांचा.

जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी, म्हणजे पोळा-मारबतीची

नागपूरकरांना खरी उत्सुकता याचीच असते. राज्याच्या यादीत तान्हा पोळा नाही, कारण पुण्या-मुंबईला तो माहीतच नाही. पण मारबत-बडग्याच्या दिवशी इतवारी-महालातून मिरवणूक निघालेली असताना त्या भागात कार्यालय चालवणं तसंही अवघड. म्हणून जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात वर्षातून मोजक्या स्थानिक सुट्ट्या देतात. ज्येष्ठा गौरी, नरक चतुर्दशी, आपल्याकडचा तान्हा पोळा असे दिवस यासाठी निवडले जातात.

या आदेशाची शेवटची ओळ वाचायला विसरू नका. स्थानिक सुट्टी न्यायालयांना, केंद्र सरकारच्या कार्यालयांना आणि बँकांना लागू नसते, असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं. त्यामुळे तान्ह्या पोळ्याला जिल्हा परिषदेचा लिपिक नातवाचा लाकडी बैल घेऊन वाड्यावस्तीत फिरत असतो, आणि त्याचा चेक ज्या बँकेत टाकायचा ती बँक दहाला उघडलेली असते. स्थानिक सुट्टीला लोक बँक हॉलिडे समजतात, ही नागपुरातली सगळ्यात नेहमीची चूक.

बँक हॉलिडे

बँका बंद राहतात तीन कारणांनी: रविवार, महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, आणि राज्याने एनआय ॲक्टखाली जाहीर केलेले दिवस. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची पद्धत 1 सप्टेंबर 2015 पासून आहे. पहिला, तिसरा आणि असला तर पाचवा शनिवार पूर्ण वेळ कामाचा.

रिझर्व्ह बँक आपल्या संकेतस्थळावर rbi.org.in ही यादी शहराप्रमाणे देते आणि त्यात नागपूर स्वतंत्र आहे. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेचं कार्यालय असल्यामुळे आपल्याला मुंबईच्या ओळीत शोधत बसावं लागत नाही. तिथे प्रादेशिक कार्यालय म्हणून नागपूर निवडायचं, महिना निवडायचा आणि यादी बघायची. "ऑक्टोबरमध्ये बँका एकवीस दिवस बंद" अशा बातम्या दर दिवाळीला येतात. त्यात देशातल्या सगळ्या राज्यांच्या सुट्ट्या एकत्र मोजलेल्या असतात. त्या वाचून कुणी घाईने पैसे काढू नयेत.

शाखा बंद म्हणजे पैसा थांबला, हेही आता खरं नाही. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतं. यूपीआयचं तर विचारूच नका. जे थांबतं ते चेकचं क्लिअरिंग, काउंटरवरची रोख, लॉकर, डीडी. कर्जाच्या हप्त्याच्या बाबतीत लोक जास्त फसतात. हप्ता खात्यातून आपोआप वळता करणारी नॅच यंत्रणा 1 ऑगस्ट 2021 पासून सुट्टीच्या दिवशीही चालू असते. पूर्वी पाच तारीख रविवारी आली की सोमवारपर्यंत सवड मिळायची. आता मिळत नाही. रविवारी खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो आणि दंड बसतो. बँक हॉलिडे पाहून पगाराचे पैसे दुसऱ्या खात्यात पडू देणाऱ्यांनी हे जपावं.

बँक हॉलिडेला अपवादही होतात. 31 मार्च 2025 रोजी ईद होती. पण सरकारी जमा-खर्चाचा वर्षाखेरचा दिवस असल्यामुळे सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा त्या दिवशी उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. कोषागारात चलन भरणाऱ्यांनी मार्चअखेरीला यादीपेक्षा रिझर्व्ह बँकेचा ताजा आदेश पाहावा.

ऐच्छिक आणि आरएच: केंद्राच्या कार्यालयातला फरक

ज्यांच्या घरात कुणी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, त्यांनी हा भाग शांतपणे वाचावा. ऐच्छिक आणि आरएच हे दोन शब्द खाजगी कंपन्यांनी पार मिसळून टाकले आहेत, पण केंद्राच्या नियमात ते वेगळे आहेत.

कार्मिक विभाग दरवर्षी केंद्रीय कार्यालयांसाठी आदेश काढतो. dopt.gov.in वर तो मिळतो. दिल्लीबाहेरच्या प्रशासकीय कार्यालयांसाठी त्यात तीन थर असतात.

पहिल्या थरात 14 सक्तीच्या सुट्ट्या. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती, बुद्ध पौर्णिमा, दसरा, दिवाळी, नाताळ, गुड फ्रायडे, गुरुनानक जयंती, महावीर जयंती, मोहरम, दोन्ही ईद आणि ईद-ए-मिलाद. या देशभर सगळीकडे.

दुसऱ्या थरात 12 सणांची एक यादी. होळी, रामनवमी, महाशिवरात्र, गणेश चतुर्थी, जन्माष्टमी, मकरसंक्रांत, गुढीपाडवा आणि त्याच वेळी येणारी इतर प्रांतांची नववर्षं, ओणम, पोंगल, रथयात्रा, वसंत पंचमी, दसऱ्याचा जादा दिवस. या बारांतून तीन निवडायच्या. ही झाली ऐच्छिक सुट्टी. पण निवड तुम्ही करत नाही. राज्याच्या राजधानीतली केंद्रीय कर्मचारी कल्याण समन्वय समिती करते, गरज पडली तर राज्यातल्या इतर ठिकाणच्या समित्यांशी बोलून. एकदा ठरलं की राज्यातल्या सगळ्या केंद्रीय कार्यालयांना तेच तीन दिवस, नंतर बदल नाही. त्या दिवशी कार्यालय बंदच असतं. नागपुरातल्या कुणाला निवड पटली नाही तरी मुंबईला ठरलेलं मान्य करावं लागतं.

तिसऱ्या थरात आरएच, म्हणजे निर्बंधित सुट्टी. ही यादी लांबलचक असते, आणि तिच्यातून प्रत्येक कर्मचारी स्वतःसाठी वर्षाला दोन दिवस निवडतो. कार्यालय चालू, शेजारचा टेबलवाला हजर, तुम्ही घरी. शिवजयंती केंद्राच्या चौदांतही नाही आणि बारांतही नाही, ती या आरएचच्या यादीत आहे. 19 फेब्रुवारीला महालेखाकार कार्यालयातल्या एखाद्याने घरी राहायचं तर आरएच टाकून राहायचं.

आता नागपूरचा जिव्हाळ्याचा दिवस, 14 एप्रिल. राज्याच्या यादीत डॉ. आंबेडकर जयंती कायम आहे. केंद्राच्या चौदांत ती नाही. केंद्र सरकार त्या दिवसासाठी वेगळा आदेश काढतं. 2025 मध्ये तो मार्चच्या शेवटी निघाला. त्यामुळे जानेवारीत केंद्राची यादी डोळ्यांखालून घालणाऱ्याला तो दिवस दिसत नाही आणि तो उगाच आरएच राखून ठेवतो. असं करण्यापेक्षा मार्चअखेरपर्यंत वाट पाहावी.

आरएच टाकताना

जानेवारीतच यादी घेऊन बसा. शनिवार-रविवारी येणारे दिवस आधी खोडा, कारण सुट्टीच्या दिवशी आलेला सण बदलून दुसऱ्या दिवशी मिळत नाही. हा नियम सक्तीच्या सुट्ट्यांनाही लागू आहे. 2025 चा 26 जानेवारी रविवारी आला, तर सोमवारी कार्यालय उघडंच.

मग दोन दिवस असे निवडा की पुढे-मागे काहीतरी जोडता येईल. आरएच नैमित्तिक रजेला म्हणजे सीएलला जोडता येते, अर्जित रजेच्या आधी किंवा नंतरही लावता येते. अर्धी आरएच नसते. वर्ष संपलं की उरलेली आरएच गेली, पुढच्या वर्षात येत नाही.

अर्ज आधी द्या. आरएच म्हणजे हक्काने घरी बसणं नव्हे. ती मंजूर करावी लागते, आणि कामाची निकड असेल तर अधिकारी नाही म्हणू शकतो. न सांगता घरी राहून दुसऱ्या दिवशी "काल आरएच होती साहेब" म्हटलं की तो दिवस सीएलमधून कापला जाण्याची शक्यता जास्त. आणि एकाच सेक्शनमधल्या चौघांनी भाऊबीज मागितली तर पहिल्याने दिलेल्या अर्जाला वजन असतं, हे सांगायला नियमावली नको.

एक आठवडा उलगडून पाहू: दिवाळी 2025

नागपुरातलं एक घर कल्पनेने घ्या. थोरला जिल्हा परिषदेत, त्याची बायको एका सरकारी बँकेच्या शाखेत, धाकटा केंद्र सरकारच्या कार्यालयात, आणि त्याची बायको मिहानमधल्या आयटी कंपनीत. 2025 च्या दिवाळीत या चौघांना एकत्र गावी जायचं आहे. कधी जाता येईल?

सोमवार, 20 ऑक्टोबर. नरक चतुर्दशी. केंद्राच्या यादीत दिवाळीची सक्तीची सुट्टी याच दिवशी होती, म्हणून धाकटा घरी. राज्याच्या मुख्य यादीत हा दिवस नव्हता. थोरल्याला जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी मिळाली तरच घरी, नाहीतर कार्यालयात. नागपूरच्या बँका चालू, म्हणून थोरली सून शाखेत.

मंगळवार, 21 ऑक्टोबर. राज्याच्या यादीप्रमाणे लक्ष्मीपूजन. जिल्हा परिषद बंद, बँक बंद. आणि धाकट्याचं केंद्रीय कार्यालय? त्याची दिवाळी काल झाली. आज कामाचा दिवस. घरी राहायचं तर सीएल.

बुधवार, 22 ऑक्टोबर. बलिप्रतिपदा. राज्य आणि बँका बंद. केंद्राच्या आरएच यादीत हा दिवस गोवर्धन पूजेच्या नावाने आहे. धाकट्याने पहिली आरएच इथे वापरावी.

गुरुवार, 23 ऑक्टोबर. भाऊबीज. राज्य शासनाच्या कार्यालयांना अतिरिक्त सुट्टी, थोरला घरी. केंद्राच्या आरएच यादीत भाईदूज आहे, धाकट्याची दुसरी आरएच. बँक मात्र उघडी, कारण भाऊबीज एनआय ॲक्टच्या यादीत नाही. थोरली सून सकाळी भावाला ओवाळून शाखेत, किंवा तिने स्वतःची रजा टाकलेली.

शुक्रवार, 24 ऑक्टोबर सगळ्यांचाच कामाचा. शनिवार 25 हा चौथा शनिवार, म्हणून बँक बंद. जिल्हा परिषद आणि केंद्रीय कार्यालय पाच दिवसांच्या आठवड्यामुळे शनिवारी तसंही बंद. राज्याने पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून लागू केला, हे लक्षात असेलच. अत्यावश्यक सेवा आणि शाळा त्यातून वगळल्या आहेत.

आता हिशेब मांडा. धाकटा मंगळवार आणि शुक्रवारला दोन सीएल आणि मधल्या दोन दिवसांना दोन आरएच लावून 18 ते 26 ऑक्टोबर असे सलग नऊ दिवस मोकळा होतो. त्याची वर्षाची आरएच मात्र दिवाळीतच संपली, म्हणजे त्याने फेब्रुवारीत शिवजयंतीला ती वापरलेली चालणार नव्हती. थोरल्याला फक्त सोमवार आणि शुक्रवारची रजा काढावी लागते, स्थानिक सुट्टी लागली तर नुसता शुक्रवार. बँकेतल्या सुनेला सगळ्यात अवघड. 18 ऑक्टोबर हा तिसरा शनिवार, तोही कामाचा. तो भरून रविवारी निघायचं तरी तिला सोमवार, गुरुवार, शुक्रवार अशा तीन रजा लागतात, तीही दिवाळीत, जेव्हा शाखेत सगळ्यांनाच रजा हवी असते. गावी जायची तारीख म्हणूनच तिच्या मंजुरीवर ठरवायची, धाकट्याच्या सोयीवर नव्हे.

याच आठवड्यात घराशेजारच्या ठोक व्यापाऱ्याचीही एक गोष्ट धरा. ग्रेसचे तीन दिवस धरून त्याच्या बिलाची मुदत 22 तारखेला संपते. 22 सुट्टी, 21 सुट्टी, म्हणून ते 20 तारखेला, सोमवारीच देय. त्याने गुरुवारी पैसे देऊ म्हटलं तर उशीर झाला. आणि सोमवारी क्लिअरिंगची वेळ टळल्यावर त्याने खात्यात टाकलेला चेक गुरुवारी बँक उघडल्यावरच पुढे सरकणार.

खाजगी कार्यालय: मिहान आणि त्यापलीकडे

चौथी व्यक्ती राहिली, आयटी कंपनीतली. तिला वरची एकही यादी थेट लागू नाही. एनआय ॲक्टखाली सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली म्हणून खाजगी कंपनीला दार लावावं लागत नाही. तिला बांधतो तो महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. सरकारी कार्यालयं त्यातून वगळली आहेत, पण दुकानं, ऑफिसं, आयटी कंपन्या त्यात येतात, कायद्याने ठरवलेल्या कामगारसंख्येच्या वर असतील तर.

त्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. बस एवढंच. दिवाळीचा पाडवा त्यात येईल की नाही, हे त्या चर्चेवर अवलंबून. गोपनीय किंवा व्यवस्थापकीय पदावरच्यांना हा कायदा लागू होत नाही, त्यांनी नेमणूकपत्र पाहावं.

पडताळायची गोष्ट 1 मे. कंपनीचं मुख्यालय परराज्यात असेल तर तिकडचं कॅलेंडर जसंच्या तसं नागपूरला चिकटवलेलं असतं, आणि त्यात महाराष्ट्र दिन कधीकधी गळतो. तो कायद्याने देय आहे. एचआरला लेखी विचारा, "2017 च्या कायद्यातल्या आठ सुट्ट्यांपैकी 1 मे आपल्या यादीत नाही, कृपया तपासावे." इतकं लिहिलं की बहुतेक वेळा यादी सुधारून येते. नाही आली तर कामगार आयुक्त कार्यालयाचा रस्ता आहेच.

कंपन्यांच्या यादीत "ऑप्शनल" किंवा "फ्लोटिंग" हॉलिडे असा एक रकाना असतो. समजा दहा सण दिलेत आणि "कोणतेही दोन घ्या" असं लिहिलंय. हे केंद्राच्या ऐच्छिक सुट्टीसारखं नाही, आरएचसारखं आहे. कार्यालय चालू, निवड कर्मचाऱ्याची. केंद्रीय कार्यालयातून खाजगीत आलेला माणूस इथे गोंधळतो: "ऑप्शनल आहे म्हणजे ऑफिस बंद असेल" असं गृहीत धरून तो अर्ज करत नाही, आणि मग त्याच्या नावावर बिनपगारी दिवस पडतो. त्या रकान्याखाली अर्ज किती दिवस आधी, तो पोर्टलवर कुठे, न वापरलेली सुट्टी पुढे जाते का, हे लिहिलेलं असतं. वाचून घ्या. हे नियम कंपनीगणिक बदलतात.

बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत स्थायी आदेश आणि युनियनचा करार पाहायचा. तिथल्या नोटीस बोर्डावरची यादी हीच खरी.

एक दिवस मात्र सगळ्यांचा. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब प्रमाणे खाजगी नोकरदारालाही भरपगारी सुट्टी द्यावी लागते. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा अशी सुट्टी होती. अपवाद फक्त ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामावरच्या माणसाचा.

आपलं कॅलेंडर तयार करताना

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाऊण तास काढा. आधी आपलं कार्यालय कोणत्या खुंटीला बांधलंय ते ठरवा: राज्य, केंद्र, बँक, की खाजगी. नागपुरात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आयकर, पोस्ट, भविष्य निर्वाह निधी कार्यालय हे केंद्राचे. महापालिका, जिल्हा परिषद, तहसील राज्याच्या बाजूला. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आपली दिनदर्शिका स्वतः काढतं. केंद्राच्या औद्योगिक व व्यापारी आस्थापना 16 पर्यंत सुट्ट्या स्वतःच ठरवतात, त्यातले तीन राष्ट्रीय दिवस सक्तीचे. म्हणून तिथल्या मित्राची यादी मागून आपल्याला लावू नका.

मग त्या खुंटीचा मूळ कागद काढा आणि त्यातले दिवस एका रंगाने लिहा. राज्यवाल्यांनी सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना आणि जिल्हाधिकाऱ्यांचा स्थानिक सुट्टीचा आदेश, जो nagpur.gov.in वर किंवा कार्यालयाच्या आवक नोंदीत मिळतो. केंद्रवाल्यांनी कार्मिक विभागाचा आदेश आणि समन्वय समितीने ठरवलेल्या तीन सुट्ट्यांचं पत्र. दुसऱ्या रंगाने रिझर्व्ह बँकेच्या यादीतले नागपूरचे दिवस. ते तुम्ही बँकेत नसलात तरी लिहायचे, कारण चेक, लॉकर आणि डीडी सगळ्यांनाच लागतात. आरएच आणि कंपनीची फ्लोटिंग सुट्टी पेन्सिलीने, मंजुरी मिळाल्यावर शाईने.

चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या चार दिवसांपुढे प्रश्नचिन्ह ठेवा: दोन्ही ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद. हे ऐन वेळी हलतात. राज्याने तारीख बदलली तर त्या निर्णयाच्या आधारे समन्वय समिती केंद्रीय कार्यालयांची तारीखही बदलू शकते. आणि बदल झालाच तर तो आपल्या जिल्ह्याला आहे का, हे पाहा. 2025 ची ईद-ए-मिलाद हे त्याचं ताजं उदाहरण. राज्याने शुक्रवार, 5 सप्टेंबरची सुट्टी सोमवार, 8 सप्टेंबरला नेली, पण ती फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी. गणेश विसर्जनाची मिरवणूक लागून आली होती म्हणून. बाकी महाराष्ट्रात, म्हणजे नागपुरातही, सुट्टी 5 तारखेलाच राहिली. मुंबईच्या बातमीवर विश्वास ठेवून ज्याने शुक्रवारी कार्यालय गाठलं त्याला कुलूप दिसलं, आणि सोमवारी जो घरी राहिला त्याला रजेचा अर्ज द्यावा लागला. असा बदल व्हॉट्सॲपवर आला की परिपत्रकाच्या पहिल्या ओळीत जिल्ह्याचं नाव आणि शेवटी "प्रति" खाली आपल्या कार्यालयाचा उल्लेख शोधायचा. दोन्हीपैकी एक नसेल तर सकाळी डबा भरायचा.